स्वतःवरचा विनोद आणि ऐकणाऱ्याची पंचाईत

प्रश्न: मी मूळची कोल्हापूरची, मुंबईत नऊ वर्षं नोकरी करते. मीटिंगमध्ये वातावरण हलकं व्हावं म्हणून मी स्वतःवरच विनोद करते. "माझं इंग्रजी म्हणजे स्लो लोकल, प्रत्येक स्टेशनावर थांबणार" हा माझा ठरलेला. आधी सगळे हसायचे. एप्रिलमध्ये टीम लीड झाले, तेव्हापासून विनोदानंतर शांतता पसरते. परवा तर साहेबांनी तोच विनोद क्लायंटसमोर माझ्यावर केला. मी विनोद करणंच बंद करू का?

उत्तर: बंद करू नका. हा एक विनोद मात्र आजपासून सोडून द्या. का, ते जरा सविस्तर सांगते.

मी अठरा वर्षं दादरला नोकरदार माणसांना बोलायला शिकवते. दुसऱ्याची थट्टा करून अडचणीत आलेली माणसं माझ्याकडे येतात, पण स्वतःवर विनोद करून अडचणीत आलेली त्याहून जास्त येतात. दुसऱ्याची फिरकी घेताना माणूस थोडा तरी विचार करतो. स्वतःची घेताना त्याला वाटतं, मी माझ्यावरच बोलतोय, यात कुणाचं काय जातंय? जातं ते ऐकणाऱ्याचं. त्याची पंचाईत होते आणि ती आपल्याला दिसत नाही.

ही पंचाईत नीट बघा, कारण तुमच्या त्या शांततेचं उत्तर तिच्यात आहे. आपण स्वतःला नावं ठेवली की समोरच्याने ती खोडून काढायची, हा बोलण्याचा साधा रिवाज आहे. "जाड झालेय गं मी" असं मैत्रीण म्हणाली, की तिचं वाक्य संपायच्या आत "छे गं, कुठे काय!" यायला लागतं. संभाषणाच्या अमेरिकन अभ्यासक अनिता पॉमेरान्ट्झ यांनी रोजच्या बोलण्याच्या रेकॉर्डिंग्जवरून १९८४ मध्ये हेच दाखवलं होतं. स्वतःला कमी लेखणाऱ्या वाक्यानंतर नकार चटकन यावा लागतो. तो यायला वेळ लागला, तर तो वेळच होकार म्हणून ऐकू येतो. "जाड झालेय गं मी" नंतर दोन सेकंद कुणी काही बोललं नाही, तर त्या मैत्रिणीला काय वाटेल, याची कल्पना करा.

आता हेच वाक्य विनोद म्हणून आलं की गुंता वाढतो. ऐकणाऱ्याने हसावं की नाकारावं? हसला तर "हो, तुमचं इंग्रजी कच्चंच आहे" असं म्हटल्यासारखं होतं. "नाही नाही, छान बोलता तुम्ही" म्हणाला तर विनोदावर पाणी पडतं, आणि तुम्ही कौतुक काढून घेतल्यासारखं दिसतं ते वेगळंच.

जवळच्या माणसांना हा पेच पडत नाही. सकाळच्या लोकलमध्ये रोज एकत्र बसणाऱ्या बायकांचा ग्रुप घ्या. तिथे तुम्ही इंग्रजीवर काहीही बोललात तरी सगळ्या खुशाल हसतील, कारण तुम्ही काय आहात हे त्यांना वर्षानुवर्षं माहीत आहे. त्यांच्या हसण्याचा "आम्ही सहमत आहोत" असा अर्थ निघूच शकत नाही. बढतीच्या आधी तुमची टीमही साधारण अशीच होती. सगळे बरोबरीचे, एकाच कँटीनमध्ये जेवणारे. एप्रिलनंतर त्यांचं अप्रेझल तुम्ही भरणार आहात. हसलं तर बॉसच्या उणिवेवर हसल्यासारखं, आणि नाकारलं तर मस्का लावल्यासारखं. म्हणून ते लॅपटॉपकडे बघतात. तुम्ही त्यांना नकोशा झालात, असा या शांततेचा अर्थ लावू नका. तुम्ही त्यांना बोलायला वाट ठेवली नाहीत, एवढंच.

क्लायंटसमोर प्रकरण अजून वेगळं होतं. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग केला होता, तो १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना प्रश्नमंजुषेच्या चाचणीच्या ध्वनिफिती ऐकवल्या. एका फितीतल्या उमेदवाराची ९२ टक्के उत्तरं बरोबर होती, दुसऱ्याची ३० टक्के. काही फितींमध्ये शेवटी त्या उमेदवाराच्या हातून नव्या सुटावर कॉफी सांडल्याचं ऐकू यायचं. हुशार उमेदवाराने कॉफी सांडली, तर तो लोकांना आधीपेक्षा जास्त आवडला. सुमार उमेदवाराने तेच केलं, तर तो आधीपेक्षाही कमी आवडला. यातून मी एवढंच घेते की गफलत माफ होते ती आधी दिसलेल्या कर्तबगारीच्या जोरावर. तुमच्या टीमने तुमचं काम नऊ वर्षं पाहिलंय. नव्या क्लायंटने काहीच पाहिलेलं नाही. त्याच्यासमोर सुरुवातच स्वतःला कमी दाखवून केलीत, तर तो ती गंमत म्हणून घेत नाही, माहिती म्हणून घेतो. आणि कॉफी सांडणं ही अपघाताची गोष्ट आहे हेही लक्षात घ्या. त्या उमेदवाराने "माझं सामान्यज्ञान कच्चं आहे" असं म्हटलेलं नव्हतं.

मग स्वतःवरचा कुठला विनोद चालतो? मी दोन गोष्टी बघायला सांगते. पहिली, ज्या गोष्टीवर हसायचं ती संपलेली असावी. दुसरी, ती ज्या कामासाठी तुम्ही त्या खोलीत बसला आहात त्या कामाची नसावी. तुमचा विनोद दोन्हींत अडकतो. इंग्रजी आजही चालू आहे, तुम्ही पुढच्याच मिनिटाला ते बोलणार आहात, आणि क्लायंटशी बोलणं हेच तुमचं काम आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीचा विनोद जवळजवळ तुमच्यासारखाच होता. ती नाशिकहून मुंबईत आलेली, अकाउंट्समध्ये. "मला मुंबईतलं काहीच कळत नाही, मी आपली गावाकडची" असं ती दर दोन वाक्यांनी म्हणायची. पहिल्या महिन्यात लोक हसले, तिसऱ्या महिन्यात तिला बाहेरच्या मीटिंगला न्यायचं टाळायला लागले. आम्ही वर्गात बसून ते वाक्य मोडलं. "काहीच कळत नाही" म्हणजे नेमकं काय कळलं नव्हतं, असं विचारत गेले. खूप खोदल्यावर एक प्रसंग निघाला. पहिल्याच आठवड्यात तिला संध्याकाळी बोरिवलीला जायचं होतं. बोर्डावर आधी लागलेली गाडी विरार फास्ट होती, तीही थांबते बोरिवलीला, म्हणून ही दादरला चढली. आतल्या बाईने विचारलं, "उतरायचं कुठे?" हिने अगदी अभिमानाने सांगितलं, "बोरिवली." विरारच्या गाडीत आधीच उतरणाऱ्यांनी गर्दी केलेली लांब जाणाऱ्या बायकांना खपत नाही, हे तिला माहीतच नव्हतं. पुढचा अर्धा तास डबाभर बायकांनी तिचा समाचार घेतला, बोरिवली आल्यावर दारापर्यंत पोचूच दिलं नाही, आणि ती भाईंदरला उतरून उलटी आली. त्यातल्याच एका बाईने उतरताना तिच्या हातात चिक्की ठेवली आणि म्हणाली, "उद्या बोरिवली लोकल पकड हां."

हा प्रसंग तिने ऑफिसात सांगितला आणि सगळी जण आपापले किस्से काढून बसली. कुणी दादरच्या पुलावर हरवलेलं, कुणी घाईत फर्स्ट क्लासमध्ये चढून दंड भरलेलं. "गावाकडची" या वाक्यात आणि या प्रसंगात फरक काय, ते बघा. पहिल्यात ती स्वतःवर शिक्का मारत होती, आणि शिक्क्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. दुसऱ्यात तिने एक घडलेली गोष्ट सांगितली. ती संपलेली आहे, आज ती डोळे मिटून गाडी पकडते हे सगळ्यांना दिसतंय, आणि त्या चुकीचा तिच्या ताळेबंदाशी काडीचा संबंध नाही. ऐकणाऱ्याला कशालाही हो म्हणावं लागत नाही. त्याला हसता येतं आणि स्वतःचा किस्सा जोडता येतो.

विनोद बसला की नाही, हे ओळखायची माझी खूण हीच आहे. निव्वळ हसण्यावर विश्वास ठेवू नका. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाने लोकांच्या गप्पांमधले १,२०० हशे टिपले, तेव्हा त्यांतल्या पाचातल्या एकाहूनही कमी हशांच्या आधी खरोखर काही विनोदी बोललं गेलं होतं. बाकी हसू "ठीक आहे, भेटू मग" असल्या वाक्यांनंतरचं होतं. माणसं सौजन्याने हसतात, सुटका करून घ्यायला हसतात, साहेब हसले म्हणून हसतात. तेव्हा हसण्यानंतर काय होतं तिकडे लक्ष द्या. कुणी "अगं, माझंही असंच झालं" म्हणून सुरू झालं, तर विनोद बसला. हसू एकदम तुटलं आणि कुणीतरी "हां, तर पुढचा पॉइंट" म्हणालं, तर पाहुणा दारातूनच परत गेला असं समजा. "छे हो मॅडम, असं काही नाही" हे वाक्य आलं, तर ते कौतुक म्हणून खिशात घालू नका. समोरच्याला तुम्हाला सावरावं लागलं, असा त्याचा अर्थ आहे.

ऑनलाइन मीटिंगमध्ये तर ही खूणही मिळत नाही. सगळ्यांचे माइक बंद, निम्म्यांचे कॅमेरे बंद. चांगल्या विनोदानंतरही तिथे शांतताच ऐकू येते, आणि ती भरून काढायला माणूस आणखी एक वाक्य बोलतो, तिथे घसरतो. मी तरी कॉलवर स्वतःवरचा विनोद करूच नका असं सांगते.

आता मुंबईत फार वेळा दिसणारी एक गोष्ट. स्वतःवरचा विनोद पुष्कळदा एकट्या आपल्यावर नसतोच. माझ्या वर्गात तीन-चार वर्षांपूर्वी एक चुणचुणीत मुलगा होता. ओळख करून देताना तो म्हणाला, "मी मराठी मीडियमचा, त्यामुळे माझ्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका." खोलीत बावीस जण होते. बरेच हसले. मी समोर उभी होते, म्हणून मला चेहरे दिसत होते. दुसऱ्या रांगेत साधारण पन्नाशीच्या एक बाई होत्या, बँकेत अधिकारी. त्यांनी हातातलं पेन बंद केलं, वहीवर आडवं ठेवलं आणि त्या दिवशी पुन्हा उचललं नाही. चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेले. म्हणाल्या, "मी पण मराठी मीडियमचीच. माझी मुलगीसुद्धा. आमच्याकडून काय अपेक्षा ठेवायची नाही ते मला कळलं नाही." मुलाच्या मनात त्यांना दुखवायचं काहीच नव्हतं. त्याने फक्त स्वतःला खाली ओढलं, पण तो ज्या फांदीवर बसला होता त्या फांदीवर आणखी माणसं होती.

म्हणून विनोदाचा विषय शाळेचं माध्यम, गाव, चाळ, जात, रंग, वजन, लग्न न होणं असला कुठलाही असेल, तर आधी खोलीत नजर फिरवा. "माझी चाळीशी उलटली, आता माझं कोण ऐकणार" हे तुम्ही हसत म्हणाल आणि शेजारी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरी शोधणारा माणूस बसलेला असेल. त्याने हसायचं कसं? तुमच्या टीममध्ये इंग्रजीला बिचकणारी एक-दोन मुलं नक्की असतील. तुम्ही त्यांच्या लीड आहात. तुमच्या स्लो लोकलमधून ती काय शिकतात, तर इंग्रजी अडखळणं ही हसण्याची गोष्ट आहे. ती मीटिंगमध्ये तोंड उघडणार नाहीत. हा विनोद सोडा असं मी पहिल्याच ओळीत म्हटलं, त्यामागे मला सगळ्यांत जास्त हेच कारण वाटतं.

आणि हा विनोद तुम्ही करता कशासाठी, तेही तपासा. पुढच्या तीन मीटिंग्जमध्ये तो कधी ओठावर येतो, ते वहीच्या कोपऱ्यात नोंदवा. माझा अंदाज आहे की तो इंग्रजीत बोलायच्या अगदी आधी येतो, नाहीतर कुणी अचानक प्रश्न विचारल्यावर. तसं असेल, तर तो वातावरणासाठी नसून ढाल म्हणून येतो. दुसऱ्याने म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकायचं. ढाल एकदम काढून घेतली तर हात मोकळा पडतो, म्हणून तिच्या जागी एक साधं वाक्य ठेवा. "एक मिनिट द्या, नीट मांडून सांगते." मग थांबा आणि सांगा. घरी मोठ्याने पाच-सहा वेळा म्हणून बघा, म्हणजे ऐनवेळी तोंडातून तेच निघेल. मीटिंगमध्ये तुम्हाला गंमतच करायची असेल, तर काम संपल्यावर, चहाच्या वेळी, घडून गेलेला किस्सा सांगा. कोल्हापूरहून मुंबईत आल्यावरचे तुमच्याकडे भरपूर असणार.

सवयीने तो विनोद निसटलाच आणि शांतता पसरली, तर दुसरा विनोद जोडू नका आणि पहिला समजावूनही सांगू नका. "असो, आकड्यांकडे येते" म्हणा आणि खरंच आकड्यांकडे या. ऐकणारे सुटकेचा श्वास सोडतात.

राहिला साहेबांचा प्रश्न. इथे मस्करीची कुस्करी झाली, आणि ती तुमच्या आवडत्या वाक्यानेच झाली. तुम्ही जो विनोद स्वतःवर वर्षानुवर्षं करता, तो ऐकणाऱ्याला सगळ्यांसाठी खुला वाटतो. साहेबांना बहुधा आपण खेळीमेळीने वागतोय असंच वाटलं असेल. पण तुम्ही स्वतःबद्दल म्हणणं वेगळं आणि वरच्या माणसाने बाहेरच्यासमोर म्हणणं वेगळं. साहेब म्हणाले की तो अभिप्राय होतो.

त्या क्षणी काय करायचं, ते पुढच्या वेळेसाठी सांगते. बरोबर हसू नका, कारण हसलात की शिक्कामोर्तब होतं. चेहरा पाडूही नका, त्याने क्लायंट अवघडतो. लगेच कामाचं वाक्य बोला, "सर, स्लाइड चारवर आकडे आहेत, तिथून सुरू करते." विनोद उत्तराविना तसाच राहतो आणि सगळ्यांचं लक्ष स्लाइडवर जातं.

मग शक्य तितक्या लवकर साहेबांना एकटं गाठा. ग्रुपवर किंवा मेसेजवर नको, समोरासमोर. असं म्हणा, "सर, तो लोकलचा विनोद मीच इतके दिवस करत होते, त्यामुळे तो चालतो असं वाटणं साहजिक आहे. पण आता हा क्लायंट मी सांभाळते. त्याच्यासमोर माझ्या इंग्रजीवर बोललं गेलं, तर मला त्याच्याशी ठामपणे बोलायला अडचण होते. मीही तो विनोद बंद केलाय. पुढे नको." पहिलं वाक्य गाळू नका. तुमचा वाटा तुम्हीच मान्य केलात की "तूच तर करतेस" असं म्हणायला त्यांना जागा राहत नाही. आणि "मला वाईट वाटलं" यापेक्षा "कामात अडचण होते" हे इथे जास्त उपयोगी पडतं, कारण वाईट वाटण्यावर वाद घालता येतो. ते "अगं, मस्करी केली" म्हणतील, तर चिडू नका. "हो सर, मस्करीच होती. फक्त क्लायंटसमोर नको," एवढंच परत म्हणा आणि कामाचा विषय काढा. एवढं स्पष्ट सांगूनही त्यांनी तेच चालू ठेवलं, तर तो विनोदाचा प्रश्न राहत नाही. तारीख, शब्द आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा आणि एचआरकडे जा.

एक शक्यता उरते. तो विनोद क्लायंटने ऐकलेला आहे. पुढच्या कॉलवर तोच हसत म्हणेल, "सो, स्लो लोकल टुडे?" तेव्हा "नाही, आज फास्ट आहे" असं उत्तर तुमच्या जिभेवर येईल. उत्तर हजरजबाबी आहे, पण देऊ नका. दिलंत की पुढच्या प्रत्येक कॉलची सुरुवात लोकलनेच होईल आणि तुमच्या इंग्रजीचा विषय कायम टेबलावर राहील. हलकं स्मित करा, त्याची चौकशी करा, मागच्या वेळी त्याने विचारलेल्या एखाद्या मुद्द्याचं उत्तर तयार ठेवलेलं असू द्या, आणि तिथून सुरुवात करा.